चुकीच्या ऑप्शनलाही त्याचा पेशंट शोधून द्यायचा

सर, नागपूरलाच इंटर्नशिप चालू आहे, सोबत नीट पीजीची तयारी करून राहिली. मागच्या सात-आठ वर्षांचे पेपर दोनदा सोडवून झाले, प्रत्येक प्रश्नाचं एक्सप्लनेशन पण वाचते, वाचताना सगळं कळतं. पण तीच केस थोडी फिरवून आली की मी हमखास दुसराच ऑप्शन मारते. जुने पेपर नेमके करायचे कसे?

---

एक्सप्लनेशन वाचताना सगळं कळतं कारण लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. तो बरोबर ऑप्शनपासून सुरू करतो, तो का बरोबर हे पाच-सहा ओळीत छान सांगतो आणि बाकीच्या तिघांना एकेका वाक्यात उडवून लावतो. तू पेपरमध्ये बसतेस तेव्हा मात्र तुझ्यासमोर चारही ऑप्शन सारख्याच वजनाचे असतात आणि तुझी अडचण सी का बरोबर ही नसतेच, तुझी अडचण असते सी आणि ए मधलं काय निवडू. ती जागा एक्सप्लनेशनमध्ये जवळजवळ नसते. आणि केस फिरवून येते म्हणजे काय होतं, तर पेपर काढणारा यावेळी ए चा पेशंट घेऊन येतो आणि ऑप्शन तेच चार ठेवतो.

म्हणून मी माझ्याकडच्या इंटर्न्सना एकच काम सांगतो. प्रश्न सोडवून झाला की जे तीन ऑप्शन चुकीचे ठरले त्या प्रत्येकाला त्याचा पेशंट शोधून दे. म्हणजे याच केसमध्ये काय बदललं असतं तर हा ऑप्शन बरोबर झाला असता, ते स्वतःच्या हाताने लिही. फार बदलायचं नाही, दोन-तीन गोष्टीच. हे कसं करायचं ते नुसतं सांगून समजत नाही, एक प्रश्न शेवटपर्यंत करून दाखवतो. मी लहान मुलांचा डॉक्टर, आणि आपण विदर्भातले, तर सिकल सेलचाच घेतो, तुला वॉर्डात हे पेशंट रोज दिसतात. प्रश्न कुठल्या एका पेपरमधला नाही, जुन्या पेपरांच्या धाटणीवर मी बनवलेला आहे.

नऊ वर्षांचा मुलगा, एसएस पॅटर्न, आधीपासून माहीत असलेला. पाच दिवसांपासून ताप, दोन दिवसांपासून खूप थकवा आणि फिकटपणा. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या लहान भावाला ताप येऊन दोन्ही गाल लालबुंद झाले होते. हिमोग्लोबिन ४.२ ग्रॅम, तीन महिन्यांपूर्वी ८ होतं. रेटिक्युलोसाइट ०.३ टक्के. पांढऱ्या पेशी ९,०००, प्लेटलेट २ लाख १० हजार. बिलिरुबिन २, आधीइतकंच. स्प्लीन बरगडीखाली दोन सेंटीमीटर लागते, जुन्या कार्डावरही तेवढीच लिहिलेली. हिमोग्लोबिन पडण्याचं सगळ्यात संभाव्य कारण कोणतं? ए, स्प्लेनिक सिक्वेस्ट्रेशन. बी, हायपरहिमोलिटिक क्रायसिस. सी, अप्लास्टिक क्रायसिस. डी, फोलेट कमी पडल्यामुळे मेगॅलोब्लास्टिक क्रायसिस.

उत्तर सी, हे तुला येतं, भावाचे लाल गाल वाचले की पार्व्होव्हायरस बी नाइन्टीन डोक्यात आपोआप येतो. गडबड इथेच आहे बघ. तू लाल गालांवरून सी मारलं असेल तर तू प्रश्न बरोबर केलास पण शिकली काहीच नाहीस, कारण पुढच्या वर्षी पेपर काढणारा ती भावाची ओळ काढून टाकेल. म्हणून पहिला नियम, उत्तर बघायच्या आधी प्रश्नासमोर एक शब्द लिहायचा, मी कशावरून मारलं. इथे तू 'गाल' लिहिलं असतंस. 'रेटिक' लिहायला हवं होतं.

रेटिक का, ते नीट बघू. आपल्यात लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलच्या पोरात १० ते २० दिवस. १५ धरून चल. म्हणजे त्याच्या रोज पंधरातली एक पेशी जाते आणि बोनमॅरो तेवढीच रोज बनवून भरपाई करतं, म्हणूनच या पोरांचं रेटिक एरवी पाच ते पंधरा टक्क्यांपर्यंत असतं, हे त्यांचं नॉर्मल. पार्व्होव्हायरस लाल पेशींच्या कोवळ्या पूर्वज पेशींमध्येच शिरतो आणि उत्पादन आठवडा-दहा दिवस बंद पाडतो. आता हिशोब कर. तुझ्या-माझ्यात सात दिवस उत्पादन बंद राहिलं तर १२० पैकी ७ दिवसांचा माल गेला, हिमोग्लोबिन १३ चं १२.२ होईल, कोणाला कळणार पण नाही, ताप आला नि गेला. त्या पोरात १५ पैकी ७ दिवसांचा माल गेला म्हणजे जवळपास अर्धा, ८ चं सव्वाचार. आपल्या केसमध्ये ४.२ आहे. हा हिशोब ढोबळ आहे, पण एकदा हाताने केला की अप्लास्टिक क्रायसिसमध्ये पेशी जास्त फुटत नाहीत, नवीन येणं थांबतं, हे पाठ करायची गरज राहत नाही. बिलिरुबिन जसंच्या तसं का, प्लेटलेट बऱ्यापैकी का, हे सगळं त्यातूनच निघतं.

आता ए. सिक्वेस्ट्रेशनला त्याचा पेशंट शोधून देऊ. इथे उत्पादन चालू आहे, पेशी फुटत पण नाहीयेत फार, रक्त स्प्लीनमध्ये जाऊन अडकलंय. मग काय काय दिसेल ते स्वतः काढ. रेटिक कमी असायचं कारणच नाही, ते नेहमीइतकं किंवा वाढलेलं असेल, १८ टक्के लिहू. प्लेटलेटही त्याच स्प्लीनमध्ये अडकतात, म्हणून ८० हजार. आणि रक्त अंगातून वाहणं कमी झालं म्हणजे नाडी जोरात, हातपाय थंड, बीपी पडतंय. सगळ्यात मोठं म्हणजे वेळ, पाच दिवस नाही तर काही तास, आई सांगते सकाळी खेळत होता, संध्याकाळी पोट फुगलं आणि पोरगा निपचित. स्प्लीन जुन्या कार्डावर दोन, आज सात. झाला ए चा पेशंट तयार. मूळ प्रश्नातलं वय, एसएस पॅटर्न, हिमोग्लोबिन ४.२, ताप सगळं तसंच ठेवलं तरी चालतंय, फक्त रेटिक, प्लेटलेट, स्प्लीन आणि वेळ बदलली.

इथे एक गोष्ट मी थांबून सांगतो, कारण यात मी स्वतः चुकलोय आणि पेपरमध्ये नाही, पेशंटवर. रेसिडेन्सीला असताना गडचिरोलीकडचा दहा वर्षांचा मुलगा रात्री आला, हिमोग्लोबिन ३.८, स्प्लीन चांगली चार बोटं लागत होती. मी केसपेपरवर सिक्वेस्ट्रेशन लिहिलं. डोक्यात पुस्तकातलं वाक्य होतं की सिकलच्या पोरांची स्प्लीन पाच-सहा वर्षांपर्यंत आकसून संपते, मग दहाव्या वर्षी एवढी मोठी स्प्लीन म्हणजे नक्कीच आत रक्त अडकलंय. सकाळी सिनियर मॅडम आल्या, त्यांनी आईच्या पिशवीतून जुनं कार्ड काढायला लावलं. दोन वर्षांपासून स्प्लीन तेवढीच होती. रेटिक पाठवलं तर ०.२. ते वाक्य आफ्रिकन पेशंटवरून आलेलं आहे. आपल्याकडे जो अरब-इंडियन हॅप्लोटाइप सापडतो त्यात फीटल हिमोग्लोबिन जास्त असतं आणि स्प्लीन बऱ्याच मोठ्या वयापर्यंत टिकते, कित्येकांची मोठीच असते. त्यामुळे आपल्या पेशंटमध्ये स्प्लीन लागते का हा प्रश्न अर्धाच, आधीपेक्षा वाढली का हा खरा. आणि त्याच कारणाने सिक्वेस्ट्रेशनही आपल्याकडे पुस्तकातल्या वयापेक्षा मोठ्या पोरांत होऊ शकतं. पेपरमध्ये 'जुन्या कार्डावरही तेवढीच' अशी ओळ दिसली की ती भरतीची नसते, ती ए ला मारायला टाकलेली असते. अशा ओळींखाली रेघ मारायची सवय लाव, प्रश्नातली प्रत्येक ओळ कोणत्या तरी ऑप्शनच्या विरोधात उभी असते.

बी कडे येऊ. हायपरहिमोलिटिक म्हणजे एरवीपेक्षा पेशी जास्त वेगाने फुटतायत. उत्पादन चालू, किंबहुना जोरात, म्हणून रेटिक चढलेलं, २२ टक्के. फुटलेल्याचा कचरा वाढणार म्हणून बिलिरुबिन २ चं ९, एलडीएच वर, डोळे पिवळेजर्द, लघवी चहासारखी. स्प्लीन आधीइतकीच, प्लेटलेट ठीक. आता याला कारण पण द्यावं लागेल, नाही तर पेशंट खरा वाटत नाही. व्हायव्हॅक्स मलेरिया झाला, प्रायमाक्विन सुरू केलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळी. मुलाला सिकलसोबत जीसिक्सपीडीची कमतरता पण होती. असा पेशंट आपल्या भागात काल्पनिक नाही, मलेरियाही आहे आणि दोन्ही दोष एका घरात सापडतात. लिहिताना तुझ्या लक्षात येईल की ए आणि बी दोघांत रेटिक वाढलेलं आहे, म्हणजे रेटिकने त्यांना वेगळं करता येत नाही, त्यांना वेगळं करायला स्प्लीन आणि बिलिरुबिन लागतं. हे एक्सप्लनेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं कारण मूळ प्रश्नात ए विरुद्ध बी अशी लढाईच नव्हती.

डी हा सगळ्यात दुर्लक्षित ऑप्शन, पोरं त्याच्याकडे बघत पण नाहीत, आणि खरं तर सी चा जवळचा भाऊ तोच आहे. का, तर फोलेट संपलं तरी उत्पादनच कमी होतं, म्हणून रेटिक इथेही कमीच येणार. म्हणजे 'रेटिक कमी म्हणजे अप्लास्टिक' एवढंच पाठ करून गेलीस तर इथे अडकशील. वेगळं काय? वेग. फोलेट हळूहळू संपतं, आठवडे-महिने लागतात, आई सांगेल दोन-तीन महिन्यांपासून सुस्त आहे, जेवत नाही, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या कधीच बंद केल्या. आणि एमसीव्ही वाढलेला, समज ११२, स्मिअरमध्ये न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाचपेक्षा जास्त पाकळ्या. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पण थोडे उतरलेले. मूळ केसमध्ये थकवा आणि फिकटपणा दोनच दिवसांचा आहे, फोलेट असा दगा एवढ्या लवकर देत नाही.

आता डी मध्ये एक सापळा आहे तो मुद्दाम दाखवतो. मुलगा हायड्रॉक्सीयुरियावर असेल तर एमसीव्ही त्या गोळीनेच वाढतो, १०५-११० सहज. तेव्हा एमसीव्ही वाढलेला दिसला म्हणून फोलेट म्हणायचं नाही, उलट आपण क्लिनिकमध्ये एमसीव्ही बघून ओळखतो की पोरगा गोळी घेतोय की नाही. पण त्याच गोळीचा डोस जास्त झाला तर बोनमॅरो दबतं आणि रेटिक कमी येतं, मग अप्लास्टिक क्रायसिसपासून वेगळं कसं करायचं? तिथे न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट पण सोबत खाली येतात. म्हणजे हा पाचवा पेशंट, जो चार ऑप्शनमध्ये नव्हताच, पण डी लिहिता लिहिता बाहेर आला. असे प्रत्येक वेळी निघत नाहीत, निघाले तर लिहून ठेव.

रेटिकवर एवढा भर दिलाय तर तो कुठे फसवतो ते पण सांगायला पाहिजे. एक म्हणजे रिपोर्टवरचा टक्का जसाच्या तसा घ्यायचा नसतो. समज रेटिक २ टक्के लिहून आलं आणि हिमॅटोक्रिट १२ आहे. तू म्हणशील दोन टक्के म्हणजे नॉर्मल, सी कसा मारू? पण उरलेल्या पेशीच एवढ्या कमी आहेत की टक्का फुगलेला दिसतोय. २ ला १२ ने गुणून ४५ ने भागलं की ०.५ येतं, म्हणजे उत्पादन बंदच आहे. शिवाय या मुलाचं एरवीचं नॉर्मल दहाच्या आसपास, त्याच्यासमोर दोन म्हणजे काहीच नाही. दुसरं, आठ-दहा दिवसांपूर्वी रक्त चढवलेलं असेल, आता अंग दुखतंय, लघवी काळी आणि हिमोग्लोबिन चढवण्याच्या आधी होतं त्याच्याही खाली गेलंय, तर ती उशिरा येणारी ट्रान्सफ्युजन रिअ‍ॅक्शन असू शकते आणि तिच्यात पेशी फुटत असूनही रेटिक कधी कधी कमी येतं. तिथे लघवी आणि रक्त चढवल्याचा इतिहास रेटिकपेक्षा जास्त बोलतो, आणि अशा वेळी घाईत पुन्हा रक्त चढवलं तर प्रकरण अजून बिघडू शकतं.

आणि तिसरं, पेपरमध्ये असताना फार चुकतं ते, हाच पेशंट ठेवून प्रश्नाची शेवटची ओळ बदलते. 'कारण कोणतं' च्या जागी 'पुढचं पाऊल कोणतं'. ऑप्शन येतात, बोनमॅरो तपासणी, पॅक्ड सेल, इम्युनोग्लोब्युलिन, हायड्रॉक्सीयुरिया सुरू करणं. पार्व्होव्हायरस हा शब्द डोक्यात असेल तर हात इम्युनोग्लोब्युलिनकडे जातो, आणि मॅरोमध्ये जायंट प्रोनॉर्मोब्लास्ट दिसतात हे पाठ असेल तर मॅरोकडे. दोन्ही माहिती खरी आहे आणि दोन्ही उत्तरं इथे चूक. हे पोर स्वतःच आठवडा-दहा दिवसांत व्हायरस हटवून उत्पादन सुरू करणार आहे, तोपर्यंत त्याला तगवायचं आहे, म्हणून पॅक्ड सेल, आणि ते पण थोडे थोडे, सावकाश, कारण रक्ताचं एकूण व्हॉल्यूम कमी झालेलं नाही, भराभर दिलं तर हृदयावर ताण येईल. इम्युनोग्लोब्युलिनचा पेशंट वेगळा, ज्याची प्रतिकारशक्तीच इतकी दबलेली की व्हायरस महिनोनमहिने निघत नाही. सिक्वेस्ट्रेशनमध्येही रक्त थोडं थोडंच देतो पण कारण पूर्ण वेगळं, तिथे स्प्लीनमध्ये अडकलेलं रक्त थोड्या वेळाने परत बाहेर येतं आणि हिमोग्लोबिन अचानक खूप वर जाऊ शकतं. उत्तर सारखं, कारण वेगळं. हे तुझ्या वहीत शेजारी शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे.

एका प्रश्नाला एवढं केलं तर पेपर कधी संपणार, हे तुझ्या मनात आलंच असेल. सगळ्यांना करायचं नाही. आता नीट पीजीत २०० प्रश्न पाच भागात येतात, प्रत्येक भागात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं, भाग संपला की मागे जाता येत नाही. म्हणून सराव पण ४० च्याच गठ्ठ्यात कर, घड्याळ लावून, एका प्रश्नाला मिनिटभर. संपलं की उत्तरपत्रिका उघडायच्या आधी दहा मिनिटं दे, प्रत्येक प्रश्नासमोर दोन गोष्टी, पक्कं होतं की अर्धवट की तुक्का, आणि कशावरून मारलं तो शब्द. हे उत्तर बघितल्यावर करायला गेलीस तर होत नाही, उत्तर दिसलं की मन लगेच म्हणतं मला माहीतच होतं. पक्कं होतं, बरोबर आलं आणि शब्दही योग्य होता, असे प्रश्न सोडून दे, त्यांच्यावर एक मिनिट पण घालवू नकोस. जे चुकले ते घे, जे तुक्क्याने बरोबर आले ते घे, आणि जे चुकीच्या शब्दावरून बरोबर आले, लाल गालांसारखे, ते तर नक्की घे, कारण स्कोअर मोजताना तेच नजरेआड होतात. साधारण ४० मधले १५ ते २० उरतील. एकेकाला सरासरी आठ-दहा मिनिटं धरली तर अडीच-तीन तास. ड्युटीच्या दिवशी हे जमणार नाही, त्या दिवशी नुसते सोडवून शब्द लिहून ठेव, पोस्टमार्टम दुसऱ्या दिवशी कर. पण दोनशे प्रश्न सोडवून नुसती उत्तरं जुळवण्यापेक्षा चाळीस असे केलेले मी कधीही पसंत करीन.

आपल्याला खरंच कळलं की नुसतं वाटतंय हे तपासायची एक पद्धत आहे. चुकीच्या ऑप्शनवर बोट ठेव आणि मोठ्याने सांग हा का नाही. तुझ्या वाक्यात प्रश्नातला एखादा आकडा किंवा शब्द आला पाहिजे. 'सिक्वेस्ट्रेशन नाही कारण रेटिक ०.३ आहे आणि स्प्लीन वाढलेली नाही' हे चालेल. 'सिक्वेस्ट्रेशन नाही कारण हे अप्लास्टिक आहे' हे वाक्य तोंडातून आलं तर समज की तिथे मोकळी जागा आहे, पुस्तक उघड. बहुतेकांना वाटतं आपल्याला माहिती कमी आहे, पण मी मुलांच्या वह्या बघतो तेव्हा निम्म्या चुका माहितीच्या नसतात, शेवटची ओळ नीट वाचलेली नसते किंवा एका ओळखीच्या शब्दाने ओढून नेलेलं असतं. त्यावर पुस्तक वाचून उपयोग नाही, म्हणून प्रत्येक चुकीसमोर माहिती नव्हती, ओळ सुटली की प्रश्न काय विचारतोय तेच चुकलं, यातलं एक लिही.

जुन्या पेपरांबद्दल एक सावधगिरी. नीट पीजीचे प्रश्न बोर्ड छापून देत नाही, बाजारात जे फिरतं ते मुलांनी बाहेर येऊन आठवून लिहिलेलं असतं, आणि आठवणीतून पहिले जातात ते आकडे. आपल्याच केसमधलं रेटिक आणि स्प्लीन काढून टाक, काय उरलं? सिकलचा मुलगा, ताप, अचानक फिकट. यात ए, बी, सी तिन्ही बसतात. असा प्रश्न दिसला आणि दोन पुस्तकांत दोन उत्तरं असली की मुलं तासभर वाद घालतात. वाद घालू नकोस, त्यात कोणती माहिती गायब आहे ते लिही आणि प्रत्येक ऑप्शनसाठी ती माहिती काय असती तेही लिही, प्रश्न मोडका असला तरी तुझा सराव पूर्ण होतो. दुसरा प्रकार म्हणजे उत्तर तेव्हा बरोबर होतं पण आता नाही. टीबीचे जुने प्रश्न बघ, आठवड्यातून तीनदा डोस, उपचार सोडून परत आला की कॅटेगरी टू आणि स्ट्रेप्टोमायसीन. आपल्याकडे आता डोस रोजचा आहे आणि कॅटेगरी टू नाही, असा पेशंट आला की आधी सीबीनॅटसारख्या टेस्टने रिफाम्पिसिनला रेझिस्टन्स आहे का बघतो. म्हणून उपचाराचा, लसीकरणाचा, राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रश्न असेल तर पेपरचं वर्ष समोर लिहायचं आणि उत्तर आजच्या गाइडलाइनशी ताडून बघायचं. रेटिक कमी का येतं यासारखा शरीराच्या कामाचा प्रश्न मात्र दहा वर्षं जुना असला तरी बिनधास्त कर.

शेवटी, हे बनवलेले पेशंट वहीत पडून राहू देऊ नकोस. तुझी रूममेट पण तयारी करत असेल तर दहा-बारा दिवसांनी तिला तुझा ए चा पेशंट सोडवायला दे, ऑप्शन तेच चार, आणि तिचे तू सोडव. ती अडखळली तर बहुतेक वेळा तू केसमध्ये एक माहिती द्यायची विसरलेली असतेस, आणि तीच माहिती तुला नीट माहीत नव्हती. आणि वॉर्डात असशीलच, तर पुढचा एसएस पॅटर्नचा फिकट पोरगा आला की रिपोर्ट यायच्या आधी आईकडून जुनं कार्ड मागून घे, स्प्लीन स्वतः हाताने मोज आणि रेटिक किती येईल ते कागदावर लिहून ठेव. मग लॅबचा आकडा बघ.